एकवीस गाळलेली पदं

छापखान्यात मला तोंडावर 'काका' म्हणतात आणि पाठीमागे 'कात्री'. दुसरं नाव मला माहीत नाही असं सगळ्यांना वाटतं. मला ते माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतंही. मी मुद्रितशोधक. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलं. स्वतःच्या चुका शोधायचं काम बायकोकडे असतं. तिला त्याचा पगार नाही, पण तिची निष्ठा माझ्यापेक्षा जास्त.

माझं खरं वैर पुनरुक्तीशी. 'पिवळा पीतांबर' दिसला की 'पिवळा' उडवायचा. 'परत पुन्हा एकदा' दिसलं की तिघांतले दोघं घरी पाठवायचे. एका कादंबरीकाराने 'शेवटचा अंतिम निरोप' लिहिला होता, त्याचा मी नुसता 'निरोप' केला. तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही, आणि मी तो आठवडा पदकासारखा मिरवला. मला वाटायचं, भाषेत जे दोनदा येतं त्यातलं एक तरी फुकट खातंय.

अशा माणसाच्या हातात मालकांनी गणिताचं पुस्तक दिलं.

पुस्तक बाईंचं होतं. बाई म्हणजे कॉलेजात पस्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या, बारीक चणीच्या, हळू आवाजात बोलणाऱ्या. त्यांनी सहा वर्षं खपून हाताने पुस्तक लिहिलं होतं. घरी बसून एकट्याने शिकणाऱ्यांसाठी. पहिलं प्रूफ त्यांनी स्वतः तपासलं. दुसऱ्या प्रुफाच्या वेळी त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, आणि महिनाभर वाचायला बंदी आली.

"थांबूया का महिनाभर?" मालकांनी विचारलं.

"थांबायचं कशाला?" मी म्हणालो. "मी आहे ना. आकड्यांना मी हात लावणार नाही. भाषा तेवढी बघतो."

हे वाक्य मी इतक्या आत्मविश्वासाने म्हणालो की मालकांनी मान डोलावली, आणि अक्षरजुळणी करणाऱ्या वहिनींनी माझ्याकडे जरा साशंकपणे पाहिलं. वहिनी बारा वर्षं माझ्या खुणा बघून संगणकावर दुरुस्त्या करतात. मला माझ्यापेक्षा त्या जास्त ओळखतात.

नऊ प्रकरणं मी खरोखरच आकड्यांना हात लावला नाही. दहावं प्रकरण होतं 'आंशिक अपूर्णांक'. म्हणजे एक मोठा, अवजड अपूर्णांक घ्यायचा आणि त्याचे लहान लहान सोपे अपूर्णांक करायचे, ज्यांची बेरीज पुन्हा तोच मोठा अपूर्णांक येईल. बाईंनी सुरुवातीला छान लिहिलं होतं. छेदात (x − 1)(x + 2) असेल तर दोन तुकडे: एकाखाली (x − 1), दुसऱ्याखाली (x + 2). वरती कुठल्या संख्या ते ठाऊक नाही म्हणून A आणि B. वाचून मला गणित समजल्यासारखं वाटलं. इथेच घात झाला.

पुढचं उपप्रकरण होतं, छेदात एकच अवयव दोनदा आला तर. पहिलं उदाहरण असं:

(3x² + 3x + 3) / (x − 1)²(x + 2) = A/(x − 1) + B/(x − 1)² + C/(x + 2)

मी चष्मा पुसला. छेदात (x − 1)² एकदाच आहे. मग उजवीकडे (x − 1) दोनदा कशाला? आधी साधं, मग वर्गासकट. पिवळा पीतांबर! बाई दमल्या असतील, डोळाही अधू. एक तुकडा चुकून दोनदा उतरवला गेला असणार. मी वर्गाचा ठेवला, कारण डावीकडे वर्ग होता, आणि साध्यावर लाल शाईने गाळण्याची खूण केली.

खालच्या ओळीत त्याच A ची शेपूट होती, A(x − 1)(x + 2). डोकं गेल्यावर शेपूट कशाला? तीही गाळली. आता अक्षरं B पासून सुरू होत होती. ते कुठल्याही सभ्य मुद्रितशोधकाला बघवणार नाही. B चा A केला, C चा B केला. पुढे बाईंनी x = 1 ठेवून एक संख्या काढली होती, x = −2 ठेवून दुसरी. त्या दोन्ही माझ्या नव्या अक्षरांत नीट बसल्या: 3 आणि 1. माझी दुरुस्ती बरोबर असल्याचा याहून मोठा पुरावा काय हवा? शेवटी 'x² चे सहगुणक पाहता A + C = 3, म्हणून A = 2' अशी एक ओळ उरली होती. तिचा आता कशाशी संबंध नव्हता. तीही गेली.

तिथून मी सुटलोच. एकोणीस उदाहरणं. सतरांमध्ये अवयवाचा वर्ग होता, तिथे एकेक पद गाळलं. दोनांमध्ये घन होता आणि उजवीकडे तीन तीन पदं, तिथे दोन दोन गाळली. पाठीमागची उत्तरंही त्याप्रमाणे 'सुधारली'. वहिनींनी विचारलं, "काका, हे सगळं बाईंना विचारून?"

"वहिनी," मी म्हणालो, "त्यांच्या डोळ्यांना त्रास कशाला द्यायचा?"

आणि टेबल स्वच्छ राहावं ही माझी दुसरी खोड. काम संपलं म्हणून बाईंचं हस्तलिखित मी त्याच शनिवारी रद्दीत घातलं.

महिन्याने बाईंच्या डोळ्यावरची बंदी थोडी सैल झाली. दिवसातून पाव तास वाचायची परवानगी मिळाली. मालकांनी कौतुकाने त्यांना नुकताच छापून आलेला सोळा पानांचा फर्मा पाठवला. तो नेमका दहाव्या प्रकरणाचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई स्वतः आल्या. काळा चष्मा, हातात गुंडाळलेला फर्मा. मला वाटलं, आभार मानायला आल्या. मी खुर्ची पुसून दिली.

त्या बसल्या. फर्मा टेबलावर पसरला. "हे कोणी केलं?"

आवाज नेहमीसारखाच हळू होता. मालकांनी माझ्याकडे पाहिलं, वहिनींनी संगणकाच्या पडद्याकडे.

"मी," मी म्हणालो. "बरीच पुनरुक्ती झाली होती बाई. काढून टाकली."

बाईंनी पर्समधून पेन्सिल काढून माझ्यापुढे धरली. "x च्या जागी शून्य ठेवा."

"मी?"

"तुम्हीच. डावीकडे काय येतं?"

शेवटचं गणित मी शाळेत केलं होतं, तेही कोणाच्या तरी वहीत बघून. पण शून्य ठेवायला अक्कल लागत नाही. वर 3 उरले. खाली (0 − 1) चा वर्ग 1, आणि 0 + 2 म्हणजे 2. "तीन भागिले दोन. दीड."

"आता उजवीकडे. तुम्ही जे ठेवलंय ते."

3 भागिले 1 म्हणजे तीन. 1 भागिले 2 म्हणजे अर्धा. "साडेतीन," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच कानाच्या पाळ्या गरम झाल्या. दीड आणि साडेतीन यांच्यामध्ये बरोबरचं चिन्ह होतं. ते मीच ठेवलं होतं. ते चिन्ह जरा सरळ करा असा शेरासुद्धा मारला होता.

"आता तुम्ही गाळलेलं पद घाला. 2 भागिले (x − 1)."

2 भागिले उणे एक. उणे दोन. साडेतीनातून दोन गेले. दीड.

मालक म्हणाले, "काका!" त्यांच्या एका शब्दात एकतीस वर्षांचा हिशेब होता.

मी तरीही वाद घातला. बुडणारा माणूस काडी धरतो. मी पेन्सिल धरली होती. "पण बाई, छेदात (x − 1) चा वर्ग एकच आहे. तो उजवीकडे एकदा घेतला. मग पुन्हा साधा कशाला?"

बाईंनी रागावण्याऐवजी फर्म्याच्या कोऱ्या कडेला लिहायला सुरुवात केली. "सगळे तुकडे एका छेदावर आणले की वर काय जुळवायचं असतं? x² किती, x किती आणि सुटी संख्या किती. तीन गोष्टी. तुमच्या हाताशी अक्षरं दोनच. तीन पोरांना दोन चपला कशा पुरणार? एखाद्या वेळी नशिबाने जमेल. एरवी नाही."

"पण मग x = 1 ठेवल्यावर उत्तर बरोबर कसं आलं?"

"कारण x = 1 ठेवलं की गाळलेलं पद आपोआप शून्य होतं. ते असलं काय, नसलं काय, तुम्हाला कळणारच नाही. x = −2 ठेवलं तरी तसंच. तुम्ही नेमक्या त्या दोन खिडक्यांतून बघितलंत जिथून चोर दिसत नाही."

मी ताबडतोब हुशारी दाखवायला वरच्या मूळ अपूर्णांकात x = 1 ठेवून पाहिला. छेद शून्य झाला. "तिथे नाही ठेवायचा," बाई म्हणाल्या, "छेद काढून टाकल्यानंतरच्या ओळीत ठेवायचा." वहिनी हसल्या. त्यांनी ते खोकल्यात लपवलं.

"शुद्धिपत्र जोडूया," मालक म्हणाले. "एक पान."

आम्ही मोजायला बसलो. एकवीस पदं, त्यांच्या शेपट्या, बदललेली अक्षरं, गाळलेल्या ओळी, मागची उत्तरं. शुद्धिपत्र प्रकरणापेक्षा मोठं होत होतं. फर्माच पुन्हा छापायचा ठरला.

"हस्तलिखित द्या," बाई म्हणाल्या. "त्यावरून उतरवून घेता येईल."

माझ्या टेबलाकडे सगळ्यांची नजर गेली. ते फार स्वच्छ होतं.

"रद्दीत," मी म्हणालो. जुन्या फायलीवर वहिनींनी माझ्याच सांगण्यावरून नवी चढवली होती. पहिलं प्रूफही त्याच गठ्ठ्यात गेलं होतं.

बाईंनी काळा चष्मा काढला. ऑपरेशन झालेला डोळा लाल होता. मला वाटलं, आता रागावतील, आणि रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "काका, माझं पुस्तक घेऊन कोणी तरी मुलगी घरी एकटी बसणार आहे. विचारायला जवळ कोणी नाही, म्हणून तर पुस्तक. ती हे उदाहरण करून बघेल. जुळणार नाही. पुस्तक चुकलंय असं तिला वाटणार नाही. तिला वाटेल, आपल्यालाच येत नाही. आणि ती वही मिटून ठेवेल."

एकतीस वर्षांत मी कितीतरी शब्द गाळले. एखाद्या गाळलेल्या शब्दामुळे कुणाची वही मिटेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

"मी काढतो," मी म्हणालो. "एकवीसच्या एकवीस. तुम्ही फक्त पाव तास तपासा."

मालकांनी फर्मा उचलून माझ्या हातात दिला.

त्या दिवसापासून रोज दुपारी मी बाईंच्या घरी जायचो. जेवणाच्या टेबलावर एका बाजूला मी, समोर बाई डोळे मिटून. पाव तासाचं वाचन त्या शेवटासाठी राखून ठेवायच्या. बाकी सगळं ऐकून. मी ओळ वाचायची, त्यांनी पुढची पायरी सांगायची, मी चुकायचं. पहिल्या दिवशी चार तासांत दोन उदाहरणं झाली. त्यातलं एक पुन्हा करावं लागलं, कारण उणे गुणिले उणे हे माझ्याकडे एक दिवसाआड अधिक होत होतं.

घरी बायकोने विचारलं, "काय करताय एवढं?"

"चुका दुरुस्त करतोय."

"स्वतःच्या?" ती भाजी चिरायची थांबली. "तुमची चूक कोणी काढली ते तरी सांगा. मला भेटायचंय त्यांना."

दुसऱ्या दिवशी जरा लय सापडली. मोठं पद आणि वेगळा अवयव मी ठेवले होते, ते बरोबरच होते; हरवलेलं एकच. ते शोधायला बाईंनी दोन वाटा दाखवल्या. एक, x = 0 ठेवून बघायचं, काय कमी पडतंय. दुसरी, x² चे सहगुणक बघायचे: पहिल्या उदाहरणात डावीकडे x² तीन, उजवीकडे A आणि C मिळून तीन, आणि C एक आहे, तर A दोन. ती ओळ! 'कशाशी संबंध नसलेली' म्हणून मी गाळलेली ओळ. मी तिची मनातल्या मनात माफी मागितली आणि मग एका वाटेने काढून दुसरीने तपासत गेलो.

घनाची उदाहरणं आली तेव्हा मी घाबरलो. x² भागिले (x + 1)³. माझ्या 'सुधारलेल्या' पुस्तकात याचं उत्तर होतं 1/(x + 1)³, म्हणजे x² चा मी साफ एक करून टाकला होता. एवढं संक्षिप्त संपादन मी कुठल्याही कादंबरीकाराचं केलं नव्हतं.

"x + 1 ला t म्हणा," बाई डोळे न उघडता म्हणाल्या. "मग x म्हणजे?"

"t वजा एक."

"त्याचा वर्ग?"

मी लिहिलं. t² − 2t + 1. "आता t³ ने भागा. एकेक."

1/t, वजा 2/t², अधिक 1/t³. तिन्ही पदं एका ओळीत, शिस्तीत उभी. मी t च्या जागी पुन्हा x + 1 लिहिलं. शून्य ठेवून पाहिलं: एक वजा दोन अधिक एक, शून्य. डावीकडेही शून्य. मी खुर्चीवरून अर्धा उठलो. या वयात असं होणं बरं नाही.

तिसऱ्या दिवशी चौदावं उदाहरण. (x² − x + 3) / (x − 1)²(x + 2). मी राखलेले दोन तुकडे: 1/(x − 1)² आणि 1/(x + 2). हरवलेला A शोधायला x = 0 ठेवला. डावीकडे दीड. उजवीकडे एक अधिक अर्धा, दीड. काहीच कमी नाही. दुसऱ्या वाटेने गेलो: x² एक, A आणि C मिळून एक, C एक. म्हणजे A शून्य! मी तीनदा करून पाहिलं.

"बाई!" मी ओरडलो. "इथे मी बरोबर होतो! इथे ते पद नकोच होतं!"

बाईंनी डोळे उघडले. पाव तासातलं अर्धं मिनिट खर्चून त्यांनी कागद पाहिला. "A शून्य आहे, बरोबर. ते मी मुद्दाम घातलेलं उदाहरण आहे."

"म्हणजे मी गाळलं ते योग्यच..."

"तुम्ही त्याची किंमत न काढताच ते गाळलंत," त्या म्हणाल्या. "मांडून, काढून, शून्य आलं तर ते गेलं. आधीच गाळलं तर तो अंदाज. बंद पडलेलं घड्याळही दिवसातून दोनदा बरोबर असतं, काका."

मी बसलो. उत्तरात ते पद नव्हतंच, पण मांडणीत परत लिहावं लागलं. स्वतःच्या एकमेव बरोबर दुरुस्तीवर मीच रद्दची खूण केली.

पाचव्या दिवशी एकोणिसावं उदाहरण मी बाईंना न विचारता केलं. ते तपासायला त्यांना पाव तास नाही, तीन मिनिटंच लागली. त्यांनी आतून चहा आणला, आणि पहिल्यांदाच स्वतःचं काही सांगितलं: पुस्तकात त्यांनी एकोणीस उदाहरणं का घेतली ते. वीस करायची होती, पण विसावं बसवताना आकडे सुबक येईनात, आणि एका संध्याकाळी कंटाळून त्यांनी सोडून दिलं. "सहा वर्षांत तेवढाच एक कंटाळा केला," त्या म्हणाल्या.

"घालायचं का?" मी विचारलं.

"नको. तुम्हाला आणखी तीन दिवस लागतील."

फर्मा नव्याने छापला. छापण्याआधी मी प्रत्येक उत्तरात शून्य ठेवून पाहिलं, मग दोन ठेवून, मग वहिनींनाही ठेवायला लावलं. वहिनी म्हणाल्या, "काका, आता पुरे. चष्म्याचा नंबर वाढला माझा." मालकांनी माझ्या टेबलावर एक पुठ्ठ्याचा खोका आणून ठेवला. त्यावर लिहिलं होतं: 'हस्तलिखितं. पुस्तक बाहेर येईपर्यंत हात लावू नये. विशेषतः काकांनी.'

पुस्तक आलं तेव्हा मी आधी प्रस्तावना उघडली. आभारात माझा उल्लेख होता. बाईंनी लिहिलं होतं: 'आमच्या मुद्रितशोधकांमुळे दहावं प्रकरण जितक्या वेळा तपासलं गेलं, तितकं दुसरं कुठलंही गेलं नाही.' मी ते वाक्य फार वेळ वाचत बसलो. एकही शब्द जास्तीचा नव्हता. खोट काढायला मला कुठेच जागा सापडली नाही, आणि वाक्य पूर्णपणे खरं होतं.

बायकोला दाखवलं. तिने वाचलं, पुस्तक उलटं करून मागची किंमत पाहिली, आणि फडताळावर नेऊन ठेवलं. समोरच्या रांगेत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं.